मामाकडे जर्मनीला जायचंय, शाळेला अर्ज कसा लिहू?

नमस्कार बाई,

माझा मुलगा शहरातल्या एका अनुदानित मराठी शाळेत सहावीत आहे. माझा भाऊ जर्मनीत स्टुटगार्टला असतो. 1 डिसेंबर ते 15 जानेवारी त्याच्याकडे जायचं ठरतंय, माझे आईबाबाही बरोबर आहेत. मिस्टर पंधरा दिवसांनी परत येतील, कारण त्यांचं शिरोलीला वर्कशॉप आहे. वर्गशिक्षिका म्हणाल्या, ‘एवढी रजा मिळत नाही, दाखला काढून घ्या, आल्यावर बघू.’ जाऊबाई म्हणतात, मेडिकल सर्टिफिकेट दे आणि मोकळी हो. व्हिसाला शाळेचं पत्र लागतं आणि ऑफिसातले क्लार्क म्हणतात आधी तिकीट दाखवा. जुलैत डेंग्यूमुळे त्याचे आठ दिवस आधीच बुडालेत. अर्ज कसा लिहू? वर्ष तर वाया जाणार नाही ना?

– एक आई, राजारामपुरी

*

दाखला काढू नका. बाकी सगळं जमण्यासारखं आहे, पण ही एक गोष्ट केलीत तर पुढचं सगळं अवघड होऊन बसेल.

शाळा सोडल्याचा दाखला दिला की जनरल रजिस्टरमध्ये मुलाच्या नावापुढे शाळा सोडल्याची तारीख आणि कारण पडतं. त्या दिवसापासून तो त्या शाळेचा विद्यार्थी राहत नाही. म्हणजे जानेवारीत परत आलात की नव्याने प्रवेश, तोही वर्षाच्या मध्ये, जागा असेल तर. शिवाय व्हिसासाठी तुम्हाला ‘हा आमचा विद्यार्थी आहे आणि याची रजा मंजूर आहे’ असं पत्र हवंय. दाखला काढलेल्या मुलाला असं पत्र कुठली शाळा देणार?

वर्गशिक्षिकांचा यात वाईट हेतू असेल असं मला वाटत नाही. हजेरीपत्रकावर दीड महिना ओळीने गैरहजेरी लागलेली असली की तपासणीच्या वेळी उत्तर त्यांना द्यावं लागतं. आपल्याकडे प्रवेश घेऊनही सलग महिनाभर गैरहजर राहिलेलं मूल ‘शाळाबाह्य’ मानलं जातं आणि अशा मुलांचा शोध घेणं हे शिक्षकांच्या गळ्यातलं काम आहे. (या गावात शाहू महाराजांनी 1917 साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं तेव्हा मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड होता. आता दंड नाही, पण कागदपत्रं दसपट आहेत आणि ती भरायची शिक्षकांनी.) तेव्हा बाईंना हवा असतो तो एक कागद: मूल कुठे आहे, कुणाबरोबर आहे, कधी हजर होणार आणि हे मुख्याध्यापकांना ठाऊक आहे. तुमचा अर्ज म्हणजे तोच कागद. तो फाइलला लागला की दीड महिन्याच्या गैरहजेरीला कारण मिळतं आणि बाईंची काळजी मिटते.

आणखी एक गोष्ट तुमच्या बाजूची आहे. अनुदानित शाळेची संचमान्यता, म्हणजे किती शिक्षकांची पदं मिळणार हे, 30 सप्टेंबरच्या पटावर ठरतं. पटावरचा मुलगा जावा असं कुठल्याच मुख्याध्यापकांना वाटत नाही. दाखल्याची गोष्ट त्यांच्यापर्यंत पोचली असेल का, याचीही मला शंका आहे. वर्गाच्या दारात झालेल्या बोलण्यावर निर्णय घेऊ नका, मुख्याध्यापकांना भेटा.

आता वर्ष वाया जाण्याचं. शिक्षणहक्क कायद्याच्या कलम 16 नुसार आठवी पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढून टाकता येत नाही. 2019 मध्ये त्या कलमात बदल झाला आणि पाचवी व आठवीला वार्षिक परीक्षेवर मागे ठेवण्याची मुभा आली, महाराष्ट्राने ती 2023 मध्ये लागूही केली. तुमचा मुलगा सहावीत आहे, या दोन्ही यत्तांच्या मध्ये. हाच प्रवास आठवीत काढला असतात तर मी जरा विचार करायला सांगितलं असतं आणि दहावीत असता तर सरळ नको म्हटलं असतं, कारण 75 टक्के हजेरीची अट मुळात बोर्डाच्या परीक्षेला बसणाऱ्यांसाठी आहे. पण बऱ्याच शाळा खालच्या वर्गांनाही तोच आकडा लावून बोलतात, म्हणून तुम्ही हिशेब करूनच जा.

हिशेब असा. सहावी ते आठवीला वर्षात किमान 220 दिवस शाळा भरली पाहिजे असा नियम आहे. 1 डिसेंबर ते 15 जानेवारी हे 46 दिवस होतात. त्यातले सहा-सात रविवार आणि नाताळची सुट्टी वजा केली की साधारण 38 दिवस शाळेचे बुडतात, शनिवारची सकाळची शाळा धरून. त्यात डेंग्यूचे आठ मिळवा, 46 झाले. 220 मधून 46 गेले की राहिले 174, म्हणजे 79 टक्के. पंचाहत्तरच्या वर तुम्ही आहात, पण फार वर नाही. तो आणखी नऊ दिवस गैरहजर राहिला की काठावर येतो. तेव्हा आता नोव्हेंबरपर्यंत लग्नं-वास्तुशांतीसाठी शाळा बुडवू नका. हे आकडे अर्जात घालायची गरज नाही, पण भेटीत विचारलं तर तोंडावर असू द्या. आणि डेंग्यूच्या वेळचे डॉक्टरांचे कागद शाळेत दिले नसतील तर आधी ते द्या.

खरं नुकसान हजेरीचं नाही, गुणांचं आहे आणि त्याकडे पालकांचं लक्ष जात नाही. ‘परीक्षा तर एप्रिलमध्ये आहे, तोवर येतोयच की’ असं आपण म्हणतो. पण आपल्या मूल्यमापन पद्धतीत सहावीला निम्मे गुण आकारिक मूल्यमापनाचे असतात आणि निम्मे संकलित परीक्षेचे. आकारिक म्हणजे वर्ग चालू असताना होणारं काम: तोंडी, प्रात्यक्षिक, प्रकल्प, स्वाध्याय, छोटी चाचणी. तुम्ही बाहेर असाल ते सहा आठवडे दुसऱ्या सत्रातल्या याच कामाचे आहेत. तेव्हा अर्जात रजेबरोबर एक दुसरी विनंतीही हवी: त्याचे प्रकल्प आणि स्वाध्याय आगाऊ किंवा परतल्यावर घ्यावेत आणि बुडालेली चाचणी जानेवारीच्या उत्तरार्धात घ्यावी. हे लेखी मागितलेलं असलं की शिक्षक मुलासाठी वेळ काढतात. मार्चमध्ये तोंडी मागायला गेलात तर त्यांचे तक्ते भरून झालेले असतात.

मेडिकल सर्टिफिकेटचा विचार डोक्यातून काढा. खोटेपणा हा मुद्दा आहेच, पण इथे ते चालणारही नाही. व्हिसाच्या पत्रासाठी तुम्हाला शाळेला जर्मनीचं सांगावंच लागणार. एकाच तारखांना एका कागदावर मुलगा आजारी आणि दुसऱ्या कागदावर स्टुटगार्टला, असं कसं दाखवणार? शिवाय सहावीतला मुलगा विमानात बसणार आणि वर्गात कुणाला सांगणार नाही, असं होतं का? तुमच्या आधी त्याचे मित्रच बाईंना सांगतील. मग एकदा कागद खोटा निघाला की पुढच्या खऱ्या आजारपणालाही शंका घेतली जाते.

आता तिकीट आधी की पत्र आधी. आधी पत्र. शेंगेन व्हिसाच्या अर्जाला जाण्यायेण्याचं आरक्षण दाखवावं लागतं, पैसे भरून काढलेलं पक्कं तिकीट नव्हे. व्हिसा हातात येण्यापूर्वी परतावा न मिळणारं तिकीट काढण्यात शहाणपण नाही. क्लार्कना हे शांतपणे सांगा आणि अर्जाला एजंटाकडून घेतलेल्या आरक्षणाची प्रत जोडा. तेवढ्यावर त्यांचं काम भागतं. हा व्हिसा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी. निर्णयाला साधारण पंधरा दिवस लागतात, पण कागद कमी पडला तर 45 पर्यंत लांबतात. म्हणून शाळेचा अर्ज या महिन्यात द्या, शाळेचं पत्र गणपतीच्या आसपास हातात घ्या आणि व्हिसा केंद्राची वेळ प्रथम सत्राच्या परीक्षेच्या तारखा बघून घ्या. मुलाला बारा पूर्ण झाली असतील तर बोटांचे ठसे द्यायला त्याला स्वतःला पुण्याला किंवा मुंबईला जावं लागेल. तो दिवस नेमका गणिताच्या पेपरचा निघायला नको.

शाळेच्या पत्रात काय हवं तेही बघा, कारण ऑफिसात बहुतेक वेळा बोनाफाइडचा छापील नमुना भरून देतात आणि तेवढा इथे पुरत नाही. पत्र शाळेच्या लेटरहेडवर, इंग्रजीत, जावक क्रमांक आणि तारीख घातलेलं, मुख्याध्यापकांची सही आणि गोल शिक्का असलेलं हवं. मुलगा सहावीत शिकत आहे, अमुक ते अमुक तारखेची रजा मंजूर आहे आणि 16 जानेवारीला तो शाळेत हजर होणं अपेक्षित आहे, ही तिन्ही वाक्यं त्यात हवीत. शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं. व्हिसा अधिकाऱ्याला मूल परत येणार आहे याचा पुरावा हवा असतो आणि भारतात शाळा चालू असणं हा तो पुरावा.

दुसरी अडचण नावाची. शाळेच्या रजिस्टरमध्ये आडनाव आधी, मग मुलाचं नाव, मग वडिलांचं नाव. पासपोर्टवर आडनाव वेगळ्या रकान्यात आणि वडिलांचं नाव कधी असतं, कधी नसतं. इंग्रजी स्पेलिंग तर क्लार्क आपल्या मनाने लिहितात, एखादं अक्षर कमी-जास्त होतंच. अर्जाला पासपोर्टच्या पहिल्या पानाची झेरॉक्स जोडा आणि ‘पत्रात नाव पासपोर्टप्रमाणे लिहावे’ असं अर्जातच लिहा. त्याच वेळी रजिस्टरमधली जन्मतारीख पासपोर्टशी जुळते का तेही बघून घ्या. जुळत नसेल तर आजच कामाला लागा. जनरल रजिस्टरमधली दुरुस्ती शाळा स्वतःच्या अधिकारात करू शकत नाही, त्याला शिक्षणाधिकारी कार्यालयाची मंजुरी लागते आणि ते काम आठवड्याभरात होत नाही.

अर्ज मी असा लिहिला असता:

प्रति,
मा. मुख्याध्यापक,
(शाळेचे नाव), कोल्हापूर

मार्फत: वर्गशिक्षिका, इयत्ता 6 वी, तुकडी __

विषय: कौटुंबिक परदेश प्रवासासाठी दि. 1 डिसेंबर ते 15 जानेवारी या कालावधीत रजा मिळणे व तसे पत्र मिळणेबाबत.

महोदय,

माझा मुलगा (पूर्ण नाव), इयत्ता 6 वी, हजेरी क्रमांक __, जनरल रजिस्टर क्रमांक __, हा आपल्या शाळेत शिकत आहे. त्याचे मामा जर्मनीतील स्टुटगार्ट येथे राहतात. त्यांच्याकडे आम्ही आई-वडील व आजी-आजोबांसह जात आहोत. त्यामुळे तो वरील कालावधीत शाळेत येऊ शकणार नाही. दि. 16 जानेवारी रोजी तो शाळेत हजर होईल. या काळात त्याचे नाव पटावर कायम ठेवावे, ही विनंती.

रजेच्या काळातील पाठांचा अभ्यास आम्ही घरी करून घेऊ. द्वितीय सत्रातील प्रकल्प व स्वाध्याय त्याला आगाऊ द्यावेत किंवा परतल्यावर पूर्ण करून घ्यावेत आणि या काळात चाचणी झाल्यास ती परतल्यानंतर घ्यावी, अशी विनंती आहे.

व्हिसा अर्जासाठी रजा मंजुरीचे पत्र शाळेच्या लेटरहेडवर इंग्रजीत मिळावे. पत्रात नाव सोबतच्या पासपोर्ट प्रतीप्रमाणे लिहावे.

आपले विश्वासू,
(आई व वडील, दोघांच्या सह्या, पत्ता, मोबाइल, ईमेल)

सोबत: पासपोर्टच्या पहिल्या पानाची प्रत, प्रवास आरक्षणाची प्रत, मामांच्या निमंत्रणपत्राची प्रत.

बस, एवढंच. एक पान. ‘परदेशातील संस्कृतीचा अनुभव मिळून त्याचे ज्ञान वाढेल’ वगैरे घालू नका. मुख्याध्यापकांनी असे अर्ज पुष्कळ वाचलेले असतात आणि शैक्षणिक सहलीचा आव आणला की त्यांना वाटतं खरं कारण वेगळं आहे. मामाकडे जायचंय हे कारण पुरेसं आहे. ‘पटावर कायम ठेवावे’ हे वाक्य मात्र वगळू नका. दाखल्याचा विषय न काढता त्याचं उत्तर त्यात येतं. आणि वडील अर्धवट परत येणार असले तरी सही दोघांची असू द्या. अल्पवयीन मुलाच्या व्हिसा अर्जालाही दोघांची संमती लागते, तेव्हा सगळे कागद एकसारखे राहतात.

अर्ज दोन प्रतींत न्या. एक ऑफिसात द्या आणि दुसरीवर आवक शिक्का, तारीख आणि सही घ्या. ही पोहोच घेताना संकोच करू नका, क्लार्कना त्याची सवय असते. त्याआधी मात्र वर्गशिक्षिकांना अर्ज दाखवा. त्यांना डावलून वर गेलात असं वाटलं तर पुढचे सहा महिने तुमच्या मुलाला जाणवेल. मुख्याध्यापकांना भेटायला शनिवारी शाळा सुटल्यावर जा, इतर दिवशी मधल्या सुट्टीच्या गोंधळात नीट बोलणं होत नाही.

समजा मुख्याध्यापक म्हणाले, दीड महिना जास्त होतो. तर वाद घालू नका, काय अडचण आहे ते विचारा. बहुतेक वेळा अडचण दोन्हींपैकी एक असते: इतर पालकही मागतील ही धास्ती, किंवा त्या काळात ठरलेली चाचणी. चाचणी असेल तर ती जायच्या आधी देऊन जायची तयारी दाखवा. धास्ती असेल तर ‘मंजूर’ हा शब्द ते टाळतील आणि ‘रजेची नोंद घेतली आहे’ असं लिहून देतील. शाळेच्या फाइलला तेवढं पुरतं, व्हिसाच्या पत्रात मात्र मंजुरीचा स्पष्ट उल्लेख हवा, एवढं त्यांना समजावून सांगा. आणि तोंडी ‘नाही’ म्हटलं तर नम्रपणे म्हणा, ‘सर, अर्जावर तसा शेरा द्या.’ लेखी नकार द्यायची वेळ आली की लोक नियम उघडून बघतात आणि सहावीच्या मुलासाठी नकाराला आधार सापडत नाही.

अभ्यासाचं थोडक्यात. सगळी पुस्तकं सामानात भरू नका, बालभारतीची पुस्तकं पीडीएफ स्वरूपात मोफत मिळतात, ती टॅबवर घ्या. गणिताचं पुस्तक आणि एक वही तेवढी बरोबर न्या, कारण भाषा आणि इतिहास परत आल्यावर वाचून भरून निघतात, गणित निघत नाही. भारताची वेळ हिवाळ्यात जर्मनीच्या साडेचार तास पुढे असते. म्हणजे तिथे मुलगा दुपारी जेवून बसतो तेव्हा इथे संध्याकाळ झालेली असते, तेव्हा एखाद्या मित्राला त्या वेळी फोन करून वर्गात काय झालं ते विचारता येतं. रोज नको, आठवड्यातून दोनदा पुरे.

तिथे मुक्काम लांबला, कुणी आजारी पडलं, विमान रद्द झालं, तर रजा संपायच्या आधी शाळेच्या ईमेलवर दोन ओळी पाठवा आणि बाईंनाही कळवा. 16 तारीख उलटून गेल्यावर कळवलंत तर पुढची गैरहजेरी विनाकारण म्हणून लागते.

तिकीट अजून पक्कं केलेलं नाही, तर परतीचं 12 किंवा 13 जानेवारीचं मिळतं का बघा. 15 ला रात्री मुंबईत उतरून, रात्रभर प्रवास करून कोल्हापूर गाठायचं आणि 16 ला सकाळी प्रार्थनेला उभं राहायचं, हे मुलाला झेपणार नाही. मग पहिल्याच दिवशी दांडी होईल आणि अर्जातली तारीख चुकेल. दोन दिवस आधी आलात तर झोपेचं गणित बसेल आणि संक्रांतही घरी होईल. अर्जात मात्र रजा 15 पर्यंतचीच ठेवा.